श्वासाची प्रश्नमंजूषा : लेकरांना विचारायचे प्रश्न, फसवे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मैत्रिणींनो, सहावी ते आठवीच्या विज्ञानात श्वसनसंस्था हा भाग येतोच येतो. आठवीत जी एनएमएमएस परीक्षा असते, त्यातही विज्ञानाचे प्रश्न असतात. त्या परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतली बरीच लेकरं ती देतात. लेकरांना अवयवांची नावं तोंडपाठ असतात, पण प्रश्न जरा वाकडा आला की गाडी अडते. म्हणून या वेळी पाठ्यपुस्तकासारखी माहिती न देता प्रश्नच देत आहोत. गटाच्या बैठकीला लेकरं सोबत असतात तेव्हा विचारा, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर घरी विचारा.

एकच नियम ठेवा. नुसत्या उत्तराला अर्धा गुण, आणि "कशावरून?" याचं कारण सांगितलं तर उरलेला अर्धा. कारण विचारल्याशिवाय लेकराला समजलंय का पाठ झालंय, ते कळत नाही.

प्रश्न १. नाकातून आत गेलेली हवा कुठून कुठून जाते? क्रम सांगा.

उत्तर : नाक, मग घसा (पुस्तकात ग्रसनी), मग स्वरयंत्र, मग श्वासनलिका. श्वासनलिकेला छातीत दोन फांद्या फुटतात, एक उजव्या फुप्फुसाला, एक डाव्या. त्यांना श्वसनी म्हणतात. त्या फांद्यांना आणखी बारीक फांद्या फुटत जातात आणि शेवटी द्राक्षाच्या घडासारखे बारीक फुगे लागतात. ते वायुकोश. हवेची आणि रक्ताची देवाणघेवाण फक्त तिथंच होते, वाटेत कुठंही होत नाही.

फसवा भाग असा : श्वासनलिका पुढे असते का अन्ननलिका? लेकरं हमखास अन्ननलिका म्हणतात, कारण तोंड पुढे आणि घास तोंडातून जातो. पण पुढे असते ती श्वासनलिका. गळ्याच्या खालच्या खड्ड्याच्या जरा वर हलकेच बोट फिरवायला सांगा, कडक कडक कडी लागतात. ती श्वासनलिकेची कूर्चेची कडी. अन्ननलिका तिच्या मागे, मऊ, बोटाला लागत नाही.

मग लगेच विचारा, कडी कशासाठी? ज्यांच्या घरी विहिरीवर मोटार आहे त्या लेकराला हे पटकन सांगता येतं. मोटारीच्या पाणी ओढायच्या बाजूला, म्हणजे सक्शनला, आपण साधा मऊ पाईप लावत नाही, कडी असलेला पाईप लावतो. मऊ पाईप लावला तर मोटार ओढायला लागली की तो चपटा होतो आणि पाणी बंद. श्वासनलिकेचंही तसंच. छाती हवा ओढते तेव्हा नळी चपटी होऊ नये म्हणून कडी. आणि ती पूर्ण गोल नसतात, मागच्या बाजूला उघडी असतात, घोड्याच्या नालासारखी. मागं अन्ननलिका आहे ना, मोठा घास उतरताना तिला फुगायला जागा लागते.

प्रश्न २. जेवताना ठसका का लागतो?

उत्तर : घशापर्यंत हवेची आणि घासाची वाट एकच आहे. पुढे दोन वाटा होतात. घास गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि त्याच्या तोंडावर एक पानासारखं झाकण येतं. ते असलं की घास मागच्या नळीत जातो. बोलताना, हसताना मात्र झाकण उघडं लागतं, कारण आवाज हवेनेच निघतो. तेवढ्यात घास आला तर कण श्वासनलिकेच्या तोंडाशी जातो आणि शरीर जोरात हवा मारून तो बाहेर फेकतं. तोच ठसका. गिळताना गळ्यावर हात ठेवायला सांगा, घाटी वर जाऊन खाली येते ते हाताला कळतं.

फसवा प्रश्न : अडकलेला शेंगदाणा बहुतेक कोणत्या फुप्फुसाकडे जातो? उत्तर उजव्या. उजवी फांदी जास्त रुंद आणि जास्त सरळ उतरलेली असते, डावी जरा आडवी वळते.

आपल्याकडे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके घरात सांडलेलेच असतात, म्हणून हा प्रश्न पाठ्यपुस्तकापुरता ठेवू नका. चार-पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा देऊ नये, कुटून द्यावा. लेकराला ठसका लागला आणि ते जोरात खोकतंय, रडतंय, तर त्याला खोकू द्या. खोकल्याइतकं चांगलं काम आपल्या हाताने होत नाही. घशात आंधळं बोट घालू नका, दाणा आणखी आत जातो. पण लेकराचा आवाजच बंद झाला, खोकता येईना, ओठ काळेनिळे पडायला लागले, तर थांबायचं नाही. पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने पाच जोरकस थापा मारा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आपल्या हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून थापा. थापांनी दाणा निघाला नाही तर पुढे काय करायचं हे हाताने करून बघितल्याशिवाय जमत नाही. नर्सबाई गावात आल्या की बैठकीत एकदा करून दाखवायला सांगा.

प्रश्न ३. हवा आत आल्यामुळे छाती फुगते, का छाती फुगल्यामुळे हवा आत येते?

या सगळ्या प्रश्नांत मला हा सगळ्यात आवडतो, कारण दहापैकी नऊ जण पहिलं उत्तर देतात. मोठी माणसंसुद्धा.

उत्तर दुसरं आहे. आधी छाती मोठी होते, मग हवा आत येते. फुप्फुसाला स्वतःला फुगवून घेणारे स्नायूच नाहीत. ते काम करतात बरगड्यांमधले स्नायू आणि छाती व पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा. या पडद्याला पुस्तकात श्वासपटल म्हणतात, काही गाईडमध्ये मध्यपटल लिहिलेलं असतं. दोन्ही एकच, लेकरू गोंधळू नये म्हणून सांगून ठेवा. श्वासपटल सैल असताना घुमटासारखं वर आलेलं असतं. श्वास घेताना ते आवळतं, सपाट होतं आणि खाली सरकतं. बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात. आतली जागा वाढली की आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा आपसूक आत शिरते. इंजेक्शनच्या सिरिंजचा दांडा मागे ओढल्यावर होतं तेच.

हे तोंडाने सांगून पटत नाही. करून दाखवायला खर्च नाही. पाण्याची एक लिटरची रिकामी प्लास्टिक बाटली घ्या आणि तिचं बूड कापून काढा. कापलेली कड बोचरी असते, तिच्यावर चिकटपट्टी फिरवा. एक फुगा बाटलीच्या तोंडातून आत सोडा आणि त्याची कड बाटलीच्या तोंडावर बाहेरून चढवा, म्हणजे फुगा आत लोंबेल. दुसरा मोठा फुगा मधोमध कापा आणि त्याचं रबर बाटलीच्या कापलेल्या बुडावर ताणून बसवा, वरून दोरा किंवा रबरबँड घट्ट बांधा. आता खालचं रबर चिमटीत धरून खाली ओढा. आतला फुगा फुगतो. सोडलं की बसतो. कोणी फुंकलं नाही, तरी फुगला.

फुगला नाही, तर समजा कुठून तरी हवा चोरून आत शिरतेय. बहुतेक वेळा बुडाशी रबर सैल असतं. बाटली पाण्याच्या बादलीत बुडवून रबर आत दाबा, जिथून बुडबुडे येतील तिथं गळती. आणि गंमत अशी की हे बिघडलेलं यंत्रही एक धडा आहे. छातीला बाहेरून खोल जखम होऊन भोक पडलं, तर फुप्फुस फुगत नाही आणि चेपून बसतं. कारण हेच, हवा चुकीच्या वाटेने आत येते.

मात्र हा नमुना दोन ठिकाणी खोटा आहे आणि हुशार लेकरू ते विचारेल. एक, बाटलीच्या भिंती हलत नाहीत, आपल्या बरगड्या हलतात. दुसरं, फुप्फुस फुग्यासारखं पोकळ नसतं. ते स्पंजासारखं असतं. ज्यांच्या घरी मटण होतं त्यांनी फोपसं बघितलेलं आहे, तेच ते. त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो, कारण आत हवा अडकून राहिलेली असते. यातून आणखी एक फसवा प्रश्न निघतो : जोर लावून सगळा श्वास सोडला तर फुप्फुसं रिकामी होतात का? नाही. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात तरीही साधारण एक लिटरभर हवा उरतेच.

आता लेकराला उताणं झोपवा आणि पोटावर एक वाटी ठेवा. विचारा, श्वास घेताना वाटी वर जाईल का खाली? बरेच जण खाली म्हणतात, "पोट आत घेतो ना" म्हणून. वाटी वर जाते. श्वासपटल खाली उतरलं की पोटातल्या अवयवांना जागा हवी, ते पुढे येतात.

प्रश्न ४. आपण कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. मग फुंकणीने चूल कशी पेटते?

हा प्रश्न कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, पण ज्या घरात चूल आहे त्या घरातल्या लेकराला तो पडलाच पाहिजे. कार्बन डायऑक्साइडने आग विझते, हे त्यांनी शिकलेलं असतं.

उत्तर : आपण बाहेर सोडतो ती हवा म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड नाही. असं धरा की आपण १०० वाट्या हवा आत घेतली. त्यात सुमारे ७८ वाट्या नायट्रोजन, २१ वाट्या ऑक्सिजन आणि उरलेल्या एका वाटीत बाकी सगळं. कार्बन डायऑक्साइड त्यात चमचाभरही नाही. बाहेर आलेल्या १०० वाट्यांत नायट्रोजन जवळपास तेवढाच, ऑक्सिजन सुमारे १६ वाट्या आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ वाट्या, वर थोडी वाफ. म्हणजे २१ मधले शरीराने फक्त ५ घेतले. उरलेल्या १६ वाट्या निखाऱ्याला मिळतात. शिवाय फुंकणीतून निघालेली धार आजूबाजूची ताजी हवा ओढत नेते आणि निखाऱ्यावरची राख उडवते. म्हणून जाळ होतो.

याच उत्तरात दुसरं एक उत्तर आहे. श्वास थांबलेल्या माणसाला तोंडाने श्वास देतात तो याच १६ वाट्यांच्या जोरावर.

"बाहेर कोणता वायू सोडतो?" या प्रश्नाला परीक्षेत पर्याय असतील तर कार्बन डायऑक्साइड हेच लिहायचं. पण "बाहेर सोडलेल्या हवेत सर्वात जास्त कोणता वायू असतो?" असं विचारलं तर उत्तर नायट्रोजन. एका शब्दाने प्रश्न बदलतो. "सर्वात जास्त" या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावा.

कार्बन डायऑक्साइड खरंच वाढतो का, हे पानाला लावायच्या चुन्यावर दिसतं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात अर्धा चमचा चुना ढवळा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी वरची स्वच्छ निवळी हलक्या हाताने दुसऱ्या ग्लासात ओता. त्यात नळीने हळूहळू फुंकत राहा, थोड्या वेळात पाणी दुधाळ होतं. नळीने ओढायचं नाही, फक्त फुंकायचं, चुना तोंड पोळतो. डोळ्यांतही उडू देऊ नका, मोठं कुणीतरी जवळ बसा. आणि फुंकतच राहिलं तर दुधाळ पाणी पुन्हा स्वच्छ होतं. लेकरू म्हणेल प्रयोग फसला. फसलेला नाही. आधी झालेला पांढरा न विरघळणारा पदार्थ जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळून जातो, इतकंच.

प्रश्न ५. एका मिनिटात किती श्वास? आणि तान्ह्या बाळाचे जास्त का कमी?

उत्तर : शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २०. बाळाचे जास्त. फसवणूक इथं मोजण्यात आहे. आत आणि बाहेर मिळून एक श्वास. बरीच लेकरं आत एक, बाहेर दोन असं मोजतात आणि उत्तर दुप्पट येतं. दुसरं म्हणजे, "मी मोजतेय" असं सांगितलं की समोरचा श्वास बदलतो. नाडी बघितल्यासारखं मनगट धरा आणि नजर छातीवर ठेवा.

हे मोजणं लेकरापेक्षा आपल्याला जास्त कामाचं आहे. खोकला किंवा दम लागलेल्या बाळाला न्यूमोनिया आहे का, याची पहिली खूण आशाताई मोजूनच बघतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा जास्त श्वास असतील तर ते जलद श्वास.

समजा आठ महिन्यांचं बाळ आहे, चार दिवसांपासून खोकतंय. कुणीतरी १५ सेकंद मोजले, १२ आले, चारने गुणलं, ४८. म्हणजे ५० च्या आत, ठीक आहे असं वाटलं. पण मोजताना एक श्वास सुटला असेल आणि खरे १३ असतील, तर गुणाकार ५२ येतो. एका श्वासाने निकाल पालटला. म्हणून पूर्ण ६० सेकंद मोजायचे, आणि बाळ शांत असताना. रडताना किंवा दूध पिताना मोजलेलं धरायचं नाही. झबलं वर करून पोटाकडे बघायचं, तान्ह्या बाळाचा श्वास छातीपेक्षा पोटावर नीट दिसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास मधेच जलद मधेच संथ होतो. दुसऱ्यांदाही ६० किंवा वर आले तर लगेच दवाखाना.

पूर्ण मिनिट मोजून ५४ आले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र, घरी वाट बघायची नाही. आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढेना, किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा मोजत बसू नका. १०८ लावा. आकडा कमी आला तरी दोन दिवसांनी बरं वाटलं नाही, ताप वाढला, तर पुन्हा मोजायचं. आज ३८ असलेलं लेकरू उद्या ४६ वर जाऊ शकतं.

प्रश्न ६. शेगडीत धूर नाही, नुसते लाल निखारे आहेत. दार बंद करून झोपलं तर चालेल का?

उत्तर : नाही. आणि धूर नाही म्हणूनच जास्त फसगत होते.

निखारे धुमसताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. कार्बन डायऑक्साइडचा हा भाऊबंद, पण स्वभाव अगदी वेगळा. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. तो काय करतो हे समजायला वायुकोशापर्यंत यावं लागतं. तिथं रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन उचलतं. आपण तपासून घेतो ते एचबी म्हणजे हेच. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बैलगाडीत आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलं की आपलं पोतं चढवायला जागा उरत नाही, तसं होतं. छाती व्यवस्थित हलते, हवा आत-बाहेर होते, पण मेंदूपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही.

मग जीव घाबरा का होत नाही? इथं लेकरांना एक सुंदर फसवा प्रश्न विचारा : श्वास रोखून धरल्यावर जी तगमग होते, ती कशामुळे? सगळे म्हणतात ऑक्सिजन कमी पडला म्हणून. खरं म्हणजे ती तगमग मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते. मेंदू त्याच्यावर पाळत ठेवतो. शेगडीच्या खोलीत श्वास चालूच असल्यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून घंटा वाजत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही.

आपल्याकडे हा धोका सगळ्यात जास्त कुठं असतो ते तुम्हाला माहीत आहे. बाळंतिणीच्या खोलीत. बाजेखाली विस्तव, वर धुरी, वारं लागू नये म्हणून दार-खिडकी बंद आणि फटींत चिंध्या. शेक द्यायचा असेल तर दार उघडं ठेवून, जागं असताना द्या, आणि झोपायच्या आधी शेगडी खोलीच्या बाहेर काढा. राखेने झाकलेले निखारे विझलेले नसतात, तेही खोलीत ठेवू नका. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर खाण्यातून काही झालं असं समजत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, दारं उघडा आणि १०८ लावा. दवाखान्यात शेगडीचा उल्लेख आवर्जून करा. कारण बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर इथं चकवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, आणि माणूस बेशुद्ध असतानाही आकडा ९८ दिसू शकतो.

झटपट फेरी

आता उरलेले लहान प्रश्न. हे भराभर विचारा, हात वर करणाऱ्याला संधी द्या.

कोणतं फुप्फुस मोठं? उजवं. त्याचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते.

ऑक्सिजन नसलेलं रक्त निळं असतं का? नाही, गडद लाल असतं. पुस्तकात निळं रंगवतात ते ओळखू यावं म्हणून.

सगळ्या धमन्यांत ऑक्सिजनवालं रक्त असतं का? नाही. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी धमनी ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, एवढीच तिची ओळख.

श्वास घेणं आणि श्वसन एकच का? नाही. हवा आत-बाहेर करणं म्हणजे श्वासोच्छ्वास. पेशीत ऑक्सिजन वापरून अन्नातली शक्ती मोकळी होते ते पेशीश्वसन. झाडाला फुप्फुस नाही, तरी श्वसन आहे.

झाडं फक्त रात्री श्वसन करतात का? नाही, दिवसरात्र करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणात त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन तयार होतो, म्हणून श्वसन झाकलं जातं.

नाकाने श्वास घेणं बरं का तोंडाने? नाकाने. केस आणि शेंबडाचा ओलावा धूळ धरतात, हवा कोमट आणि ओलसर होते. पण सोयाबीनच्या मळणीची किंवा डाळ मिलची धूळ असेल तर नाक एकटं पुरत नाही. जाड कण नाकात अडकतात, अगदी बारीक कण वायुकोशापर्यंत जातात, आणि पदर बांधला तरी ते बारीक कण थांबत नाहीत. तिथं नीट बसणारा मास्कच लागतो.

उचकी कशी लागते? कुणी आठवण काढली म्हणून नव्हे. श्वासपटलाला अचानक झटका बसतो, हवा आत ओढली जाते आणि लगेच स्वरयंत्राचं दार बंद होतं. तो "हिक्" आवाज त्या दाराचा.